आतल्या उमेदवाराची निवड झाली नाही, त्याला लिहून कळवायचं आहे. मसुदा वाचून सांगा

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मी क्यूसी मॅनेजर आहे. औषध महिन्यागणिक कसं टिकतं ते तपासणाऱ्या आमच्या स्टेबिलिटी सेक्शनला इन्चार्जची जागा निघाली. बाहेर जाहिरात न देता आधी आतल्यांकडून अर्ज मागवले, तिघांनी दिले. मुलाखतीला मी, क्यूए हेड आणि एचआरच्या बाई होत्या. जिची निवड झाली तिने होकार कळवला आहे. आता जो नऊ वर्षं आमच्याकडे आहे आणि ही जागा आपल्यालाच मिळणार असं धरून बसला होता, त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलंय. इथे त्याला निखिल म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

एचआरकडे दोन ओळींचं छापील पत्र आहे, तेवढंच पाठवा म्हणतात. मला ते पटत नाही. हा माणूस उद्याही माझ्याच लॅबमध्ये त्याच एचपीएलसी मशीनसमोर उभा राहणार आहे. शिवाय तो राहतो आमच्याच बाजूला, सकाळी कंपनीच्या बसला आम्ही एकाच स्टॉपवर असतो. समोर बसवून सांगणार आहेच, पण घरी गेल्यावर शांतपणे वाचता येईल असं काहीतरी मराठीत लिहून त्याच्या हातात द्यायचं आहे.

कारणं दोन आहेत. तिन्ही उमेदवारांना आम्ही एकच केस दिली होती. गोळीचं १२ महिन्यांचं स्टेबिलिटी सॅम्पल, अ‍ॅसेची म्हणजे औषधाच्या प्रमाणाची हद्द ९५ ते १०५ टक्के, रिझल्ट आला ९३.८, म्हणजे हद्दीबाहेर, आमच्या भाषेत ओओएस. मागचे आकडे त्याच कागदावर होते: सुरुवातीला ९९.६, ६ महिन्यांना ९७.९, ९ महिन्यांना ९६.४. विचारलं, पुढे काय कराल? निखिल म्हणाला, अ‍ॅनालिस्टची चूक असणार, दुसऱ्या माणसाकडून नवीन सॅम्पल लावून घेतो, पास झालं की पहिला रिझल्ट रद्द. मागच्या आकड्यांवर त्याने नजरही टाकली नाही.

दुसरं कारण म्हणजे माणसांकडून काम करून घेणं. गेल्या वर्षी इन्चार्ज लांब रजेवर होते तेव्हा सेक्शन त्याच्याकडे होतं. तो स्वतः रात्री उशिरापर्यंत मशीनवर, आणि बाकी चौघांना सकाळी आल्यावर आज कुठली सॅम्पलं लावायची तेच माहीत नसायचं.

मसुदा असा आहे:

> निखिल, सर्वप्रथम या पदासाठी अर्ज केल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या नऊ वर्षांच्या सेवेचा आम्हाला अभिमान आहे. सर्वच उमेदवार तोडीस तोड होते. बराच विचार करून समितीने या वेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, कारण तिची तपासाची समज आणि नेतृत्वगुण तुमच्यापेक्षा अधिक आढळले. आपले नेतृत्वगुण वाढवावेत. येत्या वर्षात तीन ओओएस तपास तुम्ही स्वतः करावेत. पुढच्या संधीला तुमचा नक्की विचार होईल.

यात काय बदलू?

लष्करवाला

ताई, नऊ वर्षं झालेल्या माणसाला डावलून त्याच्या मागून आलेल्या मुलीला पद दिलंत, मग पत्रात काय लिहायचं हा प्रश्न उरतोच कुठे? मी ग्वाल्हेरला सरकारी खात्यात होतो. आमच्याकडे बढतीची समिती, डीपीसी, बसायची, ज्येष्ठता यादी भिंतीवर लागायची, आपला नंबर कुठे आहे ते शिपायालासुद्धा ठाऊक असायचं. नापसंतीचं पत्र कुणी कुणाला लिहिलं नाही. तुमच्या निखिलने वर अपील करावं असं मला वाटतं.

राजेंद्रनगरकर

काका, तुमच्या खात्यातल्या बऱ्याच पदांना ज्येष्ठता हा नियमच असतो. आमच्या अंतर्गत जाहिरातीत ज्येष्ठता हा निकष नव्हता. दोन गोष्टी लिहिल्या होत्या: ओओएसचा तपास स्वतंत्रपणे पूर्ण करता यावा, आणि पाच माणसांच्या सेक्शनचं महिन्याचं नियोजन करता यावं. अर्ज करायला किमान पाच वर्षं हवी होती, तिघांनाही त्याहून जास्त झाली आहेत.

सयाजीगंज

वडोदऱ्याला केमिकल कारखान्यात एचआरमध्ये होतो, आता निवृत्त. माझा सल्ला सरळ आहे: तोंडी सांगा, कागदावर कारण देऊ नका. लिहिलेला शब्द फिरतो. आज तो घरी वाचेल, उद्या बसमध्ये दाखवेल, परवा युनियनच्या माणसाच्या हातात असेल. शिवाय मॅनेजर रागात किंवा मायेत नको ते लिहून बसतात. ‘तुमचा स्वभाव जरा बुजरा’, ‘घरच्या जबाबदाऱ्या पाहता’ असलं काही एकदा कागदावर गेलं की निस्तरताना नाकी नऊ येतात. छापील दोन ओळी बऱ्या.

विभावरी_ग

सयाजीगंज, स्वभाव, वय, घर, तब्येत यांतलं काही लिहू नये हे तुमचं अगदी बरोबर. पण कारणच लिहू नये, हे मी मानत नाही. मी आधी क्यूएत आणि नंतर प्लांटच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. आतल्या माणसाला कारण दिलं नाही तर ते तो स्वतः शोधतो, आणि त्याला सापडतं ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं. ‘ती मॅडमच्या मर्जीतली’ हे वाक्य बस राऊला पोहोचायच्या आत तयार होतं. लिहायला धोकादायक असते ती माणसाबद्दलची टिप्पणी. जाहिरातीत जे निकष छापले होते त्यांबद्दल, पाहिलेल्या घटनेचा दाखला देऊन लिहिलेलं कारण कुणाच्याही हातात गेलं तरी चालतं.

राजेंद्रनगरकर, आता तुमच्या मसुद्याकडे येते. निकाल चौथ्या वाक्यात येतो, तो पहिल्याच वाक्यात आणा. पत्र उघडणारा माणूस ‘झालं की नाही’ एवढंच शोधत असतो. त्याआधीचं कौतुक त्याला वाचताच येत नाही, आणि नंतर तेच कौतुक खोटं वाटायला लागतं. ‘तोडीस तोड’ काढून टाका. तोडीस तोड होते तर मग निकाल चिठ्ठ्या टाकून लागला का, असं तो विचारेल.

‘तुमच्यापेक्षा’ हा शब्द पूर्ण पत्रात कुठेही नको. सोमवारपासून ती त्याची इन्चार्ज असणार. तुम्हीच लिहून दिलंत की ती अमुक गोष्टीत सरस आहे, तर तिच्या प्रत्येक कामात तो तेच तपासत बसेल. तो आणि जाहिरातीत मागितलेलं काम, एवढीच तुलना ठेवा.

‘नेतृत्वगुण वाढवावेत’ याचं माणसाने मंगळवारी सकाळी नेमकं करायचं काय? वर आम्हाला जे सांगितलंत, चौघांना आज काय लावायचं ते माहीत नसायचं, तेच त्याला सांगा. आम्हाला लगेच कळलं, त्यालाही कळेल.

आणि तीन ओओएस तपास. ओओएस काही ठरवून येत नाहीत. सेक्शनला वर्षभरात एकच आला तर? किंवा आले ते सगळे कच्च्या मालाकडे आले तर? त्याच्या हातात नसलेल्या घटनेवर त्याची पुढची पायरी टांगून ठेवू नका. नाहीतर वर्षाअखेरीस तो म्हणेल की मला संधीच मिळाली नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असेल.

बॅचनंबर

मी स्वतः अ‍ॅनालिस्ट आहे, पीथमपूरलाच, सेक्टर सांगत नाही. मला निखिलची बाजू पटते. फेल आलं की रीटेस्ट होतोच, प्रत्येक एसओपीत रीटेस्ट लिहिलेला असतो. दुसऱ्या अ‍ॅनालिस्टकडून लावायचं हेही लिहिलेलं असतं. मग तो चुकला कुठे? आमच्याकडे तर मॅनेजरच म्हणतात, जरा परत लावून बघ.

विभावरी_ग

रीटेस्ट एसओपीत असतो हे खरं, पण तो कधी करायचा हेही तिथेच असतं. फेल आल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही फेकायचं नाही. सॅम्पलचं द्रावण, स्टँडर्डचं द्रावण, वापरलेली काचेची भांडी, सगळं जागच्या जागी. मग अ‍ॅनालिस्टशी बोलायचं, वजनांच्या नोंदी, डायल्युशन, क्रोमॅटोग्राम, सिस्टिम सुटेबिलिटी पाहायची. मशीनवर शंका असेल तर तेच मूळ द्रावण पुन्हा इंजेक्ट करून पाहायचं. यात चूक पुराव्यासकट सापडली, समजा १० मिलीच्या जागी २० मिलीचा फ्लास्क घेतला गेला, तरच पहिला रिझल्ट रद्द होतो. चूक सापडली नाही तर तपास लॅबच्या बाहेर, प्रॉडक्शनपर्यंत जातो. रीटेस्ट किती करायचे ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते पास झाले म्हणून कारणाशिवाय पहिला फेल पुसला जात नाही. पास येईपर्यंत लावत राहणं बरोबर नाही, हे १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं, आणि एफडीएच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

या केसमध्ये तर आकडेच बोलत होते. पहिल्या सहा महिन्यांत १.७ ने उतरलं, पुढच्या तीनमध्ये १.५, त्यानंतरच्या तीनमध्ये २.६. असं सरळ खाली येणारं सॅम्पल ९३.८ ला पोहोचलं तर आधी शंका गोळीवर घ्यायची, अ‍ॅनालिस्टवर नाही. आणि स्टेबिलिटीची बॅच म्हणजे बहुतेक वेळा बाजारात गेलेली बॅच. माल अमेरिकेला जात असेल तर तीन कामाच्या दिवसांत एफडीएला कळवायची वेळ येऊ शकते. ‘परत लावून बघ’ म्हणण्यात ते दिवस निघून जातात.

बॅचनंबर

द्रावण जपून ठेवायचं हे माहीत होतं, मागचे आकडे आधी बघायचे हे कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याला तरी कुणी शिकवलं असेल? माझा मुद्दा तोच आहे. नऊ वर्षं त्याला फक्त मशीनवर ठेवलं आणि मुलाखतीत तपास विचारला.

राजेंद्रनगरकर

हा मुद्दा रास्त आहे. तपासाचं काम आमच्याकडे इन्चार्ज आणि क्यूए करतात, अ‍ॅनालिस्टकडे फक्त जबाबाचा फॉर्म येतो. म्हणूनच पुढचा मार्ग लिहून द्यायचा आहे, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा हेच घडेल.

मोनिका_देवास

तुमच्यावर अन्याय झालाय ताई. नऊ वर्षं देऊन मॅनेजर दोन ओळींचं पत्र हातात ठेवत असेल तर तिथे राहू नका. माझ्या मिस्टरांनी असंच सोडलं आणि आता देवासलाच चांगल्या ठिकाणी आहेत. बायोडाटा तयार ठेवा.

राजेंद्रनगरकर

मोनिका, निवड न झालेली मी नाही हो, पत्र लिहायचं आहे ते मला. पण निखिलच्या घरीही आज असंच बोलणं होईल, हे तुमच्या लिहिण्यावरून जाणवलं.

शिपरा_काठ

मी निखिलच्या जागी बसलेलो आहे, म्हणून लिहितो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो, नाव नको. मला निवड न झाल्याचं नीट लिहून मिळालं होतं, कारणांसह. तीन कामंही लिहून दिली होती. वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती कामं मला द्यायची होती नवीन इन्चार्जने, आणि त्यांना त्या कागदाचा पत्ताच नव्हता. मी विचारलं की ते म्हणायचे, माझ्याकडे असं काही आलेलं नाही. ज्या मॅनेजरने लिहिलं होतं त्यांची बदली झाली. कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. माझं सांगणं एकच, पत्र देण्याआधी नवीन इन्चार्जला ते काम मान्य आहे का ते विचारा, आणि तिचं नावही त्यात घाला.

विभावरी_ग

हे फार महत्त्वाचं आहे आणि माझ्याकडून राहून गेलं होतं. क्रमही ठरवा. तिचा होकार आला आहे, उत्तम; होकाराआधी दुसऱ्यांना कधीच कळवू नये. आता तिच्याशी निखिलला द्यायच्या कामांबद्दल बोला. मग निखिल आणि तिसरा उमेदवार, दोघांनाही एकाच दिवशी वेगवेगळं भेटा. त्यानंतरच नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर नाव. संध्याकाळच्या बसमध्ये कुणी तिचं अभिनंदन करतंय आणि ते निखिलच्या कानावर पहिल्यांदाच पडतंय, असं होता कामा नये. दुपारी तीनच्या सुमारास भेटा, आणि हवं असेल तर लवकर घरी जायची मुभा द्या.

आणखी एक. त्याचं गेल्या वर्षीचं अप्रेझल काय होतं?

राजेंद्रनगरकर

‘उत्तम’. आणि ते खरंच तसंच आहे, त्याचा क्रोमॅटोग्राम डोळे मिटून सही करावा असा असतो. तो हेच विचारणार, उत्तम होतो तर मग का नाही?

विभावरी_ग

मग ते पत्रातच घ्या, त्याने विचारायची वाट पाहू नका. अप्रेझल आहे ते अ‍ॅनालिस्टच्या कामाचं, मुलाखत होती ती इन्चार्जच्या कामाची.

राजेंद्रनगरकर

दोन दिवस गेले, कारण नवीन इन्चार्ज आणि क्यूए हेड यांच्याशी बोलायचं होतं. दोघांनी मान्य केलं. आता असं लिहिलं आहे:

> निखिल,
>
> स्टेबिलिटी सेक्शन इन्चार्जच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. दुपारी आपण बोललो तेच सवडीने वाचता यावं म्हणून लिहून देते आहे. निर्णय आम्ही तिघांनी मिळून घेतला आणि माझंही मत तेच होतं.
>
> पहिलं कारण ओओएस तपासाचं आहे. केसमध्ये ९३.८ आल्यावर तुम्ही थेट अ‍ॅनालिस्टच्या चुकीवर आणि नवीन सॅम्पलवर गेलात. मूळ द्रावण आहे का, वजनं आणि क्रोमॅटोग्राम काय सांगतात, हे विचारलं नाही. ९९.६ पासून आकडे सतत खाली येत होते, म्हणजे गोळीच उतरत असण्याची शक्यता होती, तीही तुमच्या उत्तरात आली नाही. इन्चार्जच्या सहीवर हा निर्णय पुढे जातो, म्हणून या मुद्द्याला आम्ही सर्वांत जास्त वजन दिलं.
>
> दुसरं कारण नियोजनाचं. गेल्या वर्षी सेक्शन तुमच्याकडे होतं तेव्हा अडलेली सॅम्पलं तुम्ही स्वतः उशिरापर्यंत थांबून लावलीत. त्या कष्टांची मला जाणीव आहे. पण बाकी चौघांना दिवसाचं काम आधी ठरवून मिळत नव्हतं, आणि काही सॅम्पलं ठरलेल्या मुदतीच्या अगदी कडेला लागली. चौघांचं काम लावून देणं हा या पदाचा मोठा भाग आहे.
>
> तुमचं अप्रेझल ‘उत्तम’ आहे आणि ते योग्यच आहे. ते अ‍ॅनालिस्टच्या कामाबद्दल आहे. तपासाचं काम आजवर तुमच्या वाट्याला फारसं आलेलं नाही, आणि ते देणं आमच्याकडे आहे.
>
> म्हणून पुढचे सहा महिने असं ठरवलं आहे. क्यूए तुम्हाला बंद झालेले चार जुने तपास देईल, शेवटचा निष्कर्ष झाकून. प्रत्येक तपास तुम्ही पहिल्यापासून लिहायचा आणि मग क्यूए हेडबरोबर मूळ निष्कर्षाशी ताडून पाहायचा. या काळात सेक्शनमध्ये खरा ओओएस आला तर नवीन इन्चार्जबरोबर पहिल्या तासापासून तुम्ही असाल. तिसऱ्या महिन्यापासून सॅम्पलं काढण्याचं आणि मशीनचं महिन्याचं वेळापत्रक तुम्ही लावाल. ते लावायचे दोन दिवस तुम्हाला मशीनवर काम नसेल. ही कामं तुम्हाला मिळतील याची जबाबदारी नवीन इन्चार्जची आणि माझी आहे, दोघींनी खाली सही केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आपण अर्धा तास बसू.
>
> हे सगळं झालं म्हणजे पद मिळेलच, असं वचन मी देऊ शकत नाही. जागा निघेल तेव्हा पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत असेल. वरच्या दोन कारणांपैकी कुठलं उरलं आहे आणि कुठलं नाही, हे त्याआधीच मी तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं असेल.

सयाजीगंज

असं असेल तर मला हरकत नाही. घटनेबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. फक्त ‘तपासाचं काम तुमच्या वाट्याला आलेलं नाही’ हे वाक्य मी गाळलं असतं. तो उद्या म्हणेल, तुम्हीच लिहिलंय की शिकवलं नाही, मग मला नापास कसं केलंत?

विभावरी_ग

मी ठेवलं असतं. ते खरं आहे आणि त्यालाही ठाऊक आहे. गाळलंत तर पूर्ण पत्रातलं तेच एक वाक्य तो शोधत राहील.

शिपरा_काठ

दोघींच्या सह्या, हे छान केलंत. एक विचारतो, कच्च्या मालाच्या सेक्शनचे इन्चार्ज पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत असं असेल, तर ते लिहायला नको का? सहा महिने कशासाठी झटायचं ते कळेल.

राजेंद्रनगरकर

आमच्याकडे मार्चमध्ये एक जण निवृत्त होताहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. लिहावं की नाही यावर माझं आणि क्यूए हेडचं एकमत झालं नाही. ती जागा भरतील की दोन सेक्शन एकत्र करतील हे वर अजून ठरलेलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

विभावरी_ग

मीही लिहिलं नसतं. त्याने विचारलं तर मात्र ‘माहीत नाही’ म्हणू नका. आत्ता इथे जे लिहिलंत तेच सांगा.

शिपरा_काठ

मला नाही पटत. तारीख दिसली की माणूस धावतो.

राजेंद्रनगरकर

आज भेट झाली. तिसऱ्या उमेदवाराला सकाळी भेटले, निखिलला तीन वाजता. निकाल ऐकल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. मग अप्रेझलचंच विचारलं. आकड्यांचा कागद पुढे ठेवला तेव्हा त्याने स्वतःच पेनने ९७.९, ९६.४, ९३.८ जोडले आणि म्हणाला, हे तेव्हा दिसलं नाही. नियोजनाचं कारण मात्र त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं, तेव्हा दोन माणसं कमी होती आणि एक एचपीएलसी बंद होतं. मशीनचं खरं आहे, लॉगबुकात आहे. माणसांचं मला तपासावं लागेल, मी त्या महिन्यांची हजेरी मागवली आहे. तसं निघालं तर पत्रातला तो परिच्छेद बदलून नव्याने देईन असं त्याला सांगितलं. वेळापत्रकाचं काम तो तिसऱ्याऐवजी पहिल्या महिन्यापासून मागतोय.

विभावरी_ग

द्या. पण पहिल्या महिन्याचं वेळापत्रक नवीन इन्चार्जने लावायचं आणि त्याने बघायचं, दुसऱ्यापासून त्याचं. तिलाही तिचं सेक्शन आधी हातात येऊ दे.